बचत दिसली, कारण ऊस कमी आला

सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत एक विषय हमखास असतो: ‘अंदाजपत्रकापेक्षा जास्त झालेल्या खर्चास मंजुरी देणे.’ त्यासाठी अहवालात एक तक्ता छापलेला असतो. एका रकान्यात मंजूर अंदाज, शेजारी प्रत्यक्ष खर्च आणि शेवटी जादा किंवा कमी. जादा झालेल्या रकमांवर एखादा चिकाटीचा सभासद माईक हातात घेऊन बोलतो. कमी झालेल्या रकमांना मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. उलट अध्यक्षांच्या भाषणात काटकसर म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

गोम आहे ती या न विचारलेल्या रकमांत.

अंदाज बांधला जातो तेव्हा ऊस शेतात उभा असतो. किती एकराची नोंद झाली, लागण किती, खोडवा किती, पाऊस कसा पडेल, शेजारचा कारखाना किती ऊस पळवेल, हे सगळं धरून गाळपाचा एक आकडा ठरतो आणि त्यावर खर्चाचं अंदाजपत्रक उभं राहतं. हंगाम संपतो तेव्हा गाळप क्वचितच त्या आकड्यावर येऊन थांबतं. महाराष्ट्राचं साखर उत्पादन २०१८-१९च्या हंगामात सुमारे १०७ लाख टन होतं. मराठवाड्यातला दुष्काळ आणि मग कोल्हापूर-सांगलीचा महापूर यांनी २०१९-२०मध्ये ते ६२ लाख टनांच्या आसपास आणलं. दोनच वर्षांनी, २०२१-२२मध्ये, ते सुमारे १३७ लाख टनांवर गेलं आणि काही कारखान्यांची धुराडी जूनपर्यंत पेटती राहिली. सगळ्या राज्याचा आकडा इतका हलतो, तर एकेका कारखान्याचा त्याहून जास्त हलणार.

गाळप बदललं तरी अंदाजपत्रकातले आकडे मात्र जिथल्या तिथे राहतात. अशा अंदाजपत्रकाला हिशेबाच्या शास्त्रात स्थिर अंदाजपत्रक म्हणतात. एका ठरावीक गाळपासाठी ते बांधलेलं असतं आणि दुसऱ्या कुठल्याही गाळपाला लागू पडत नाही. लवचिक अंदाजपत्रक प्रत्यक्ष गाळप कळल्यावर त्या गाळपाला खर्च किती व्हायला हवा होता ते नव्याने मांडतं. दर तेच, निकष तेच, फक्त काम जितकं झालं तितकं धरायचं.

फरक कळायला एक कारखाना घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत, पण रचना खरी आहे. रोजची गाळप क्षमता ५,००० टन. अंदाज होता १२० दिवसांत ६ लाख टन गाळपाचा आणि ११ टक्के उताऱ्याचा. प्रत्यक्षात पाऊस दगा देऊन गेला, ऊस आला साडेचार लाख टन आणि उतारा १० टक्क्यांवर थांबला. ऊसबिल आणि तोडणी-वाहतूक आपण बाजूला ठेवू. त्यांचं गणित वेगळं आहे. फक्त ऊस गव्हाणीत पडल्यापासून साखर पोत्यात जाईपर्यंतचा आणि कारखाना चालता ठेवण्याचा खर्च पाहू.

अहवालातला तक्ता सांगतो की या खर्चाचा अंदाज ३६ कोटी ३६ लाख होता आणि प्रत्यक्षात ३४ कोटी २ लाख लागले. म्हणजे २ कोटी ३४ लाखांची बचत. रसायनांवर ३० लाख वाचले, पोत्यांवर १ कोटी १७ लाख, हंगामी पगारावर १ कोटी ५ लाख. तांबड्या शाईत एकच ओळ: पगारापासून व्याजापर्यंतच्या बांधील खर्चात १८ लाख जादा, आणि तेही बिगरहंगामातल्या ओव्हरहॉलिंगवर गेलेले. सभेत बोलणी बसणार ती चीफ इंजिनिअरला. चीफ केमिस्ट मात्र बचतीच्या रांगेत निवांत बसलेले.

आता रसायनांची ओळ जवळून बघू. अंदाज होता टनाला ४० रुपयांचा, ६ लाख टनांना २ कोटी ४० लाख. खर्च झाला २ कोटी १० लाख. पण ऊस गाळला साडेचार लाख टनच. रस निवळायला लागणारा चुना आणि गंधक रसाच्या प्रमाणात लागतात आणि रस उसाच्या प्रमाणात निघतो. आलाच नाही त्या दीड लाख टनाला चुना लागणार कुठून? टनाला ४० रुपयांनी साडेचार लाख टनांचे १ कोटी ८० लाख व्हायला हवे होते. म्हणजे ३० लाखांची बचत नाही, ३० लाखांचा जादा खर्च. टनाला ४० ऐवजी पावणेसत्तेचाळीस रुपये पडले. रक्कम तीच राहिली आणि चिन्ह उलटं झालं.

हे ३० लाख गेले कुठे, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न, आणि पहिला तक्ता तो विचारूच देत नाही. उत्तर बहुधा रोजच्या मॅन्युफॅक्चरिंग रिपोर्टात सापडतं. त्यात गाळपाबरोबर मिल किती तास बंद राहिली आणि कशामुळे, हेही लिहिलेलं असतं. ऊस कमी असला की ‘नो केन’चे तास वाढतात. गाड्या येईनात म्हणून मिल सहा-आठ तास थांबते. थांबणं लांबलं तर आतला रस आंबू नये म्हणून तो संपवावा लागतो, बॉडी रिकाम्या करून कॉस्टिक सोड्याने धुवाव्या लागतात, मिलवर जंतुनाशक मारावं लागतं, आणि पुन्हा सुरू करताना सगळी घडी बसेपर्यंत चुन्याची मात्रा वरखाली होते. धुणं टनावर ठरत नाही, किती वेळा थांबलो त्यावर ठरतं. तेव्हा ३० लाखांतला काही भाग केमिस्टच्या हाताबाहेरचा असू शकतो, काही भाग सैल हाताचा, आणि काही चढ्या दराने झालेल्या खरेदीचा. लवचिक अंदाजपत्रक कोणाला दोषी ठरवत नाही, पण प्रश्न योग्य दारावर नेऊन सोडतं.

हंगामी पगाराचं वागणं आणखी वेगळं. तीन पाळ्यांचा हंगामी कामगार वर्ग रोज ५ लाखांना पडतो असं धरू. हा खर्च टनावर चालत नाही, दिवसावर चालतो. मिल फिरो वा न फिरो, पाळीला माणूस उभा असतोच. (हंगामाबाहेर त्याला मिळणारा रिटेन्शन भत्ता तर दिवसांवरही अवलंबून नाही, तो आपण बांधील खर्चात धरला आहे.) साडेचार लाख टन पूर्ण क्षमतेने गाळले तर ९० दिवसांचं काम, ४ कोटी ५० लाखांचं. पण ऊस रखडत आल्यामुळे हंगाम ९९ दिवस चालला आणि ४ कोटी ९५ लाख लागले. १२० दिवसांच्या ६ कोटींशी तुलना केली की कोटीभर वाचल्यासारखे वाटतात. ९० दिवसांशी केली की नऊ दिवसांचे ४५ लाख रिकाम्या मिलपुढे उभं राहण्याचे दिले, हे दिसतं. आणि ते टाइम ऑफिसच्या किंवा कामगारांच्या माथी मारता येत नाहीत. गाडीतळावर ऊस वेळेत का पोहोचला नाही, तोडणीचा कार्यक्रम कोणी आखला, टोळ्या किती आल्या आणि किती निघून गेल्या, असे हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं शेतकी विभागाकडे.

पोत्यांच्या ओळीत एक खास सापळा आहे. अंदाजातले १३ लाख २० हजार कट्टे (पन्नास किलोचे) ३० रुपयांच्या दराने ३ कोटी ९६ लाखांचे होतात. आता कोणी म्हणेल, ऊस पाऊण पट आला, पोतीही पाऊण पट धरा, २ कोटी ९७ लाख झाले. खर्च झाला २ कोटी ७९ लाख, म्हणजे तरीही १८ लाख वाचले. चूक! पोतं उसाला लागत नाही, साखरेला लागतं. उतारा ११वरून १०वर आल्याने साखर ४५ हजार टनच झाली आणि तिला ९ लाख कट्टे पुरतात. त्यांचे २ कोटी ७० लाख. म्हणजे ९ लाख जादा, कट्ट्यामागे एक रुपया, जो खरेदी विभागाने समजावून सांगायचा. अंदाजपत्रक लवचिक करणं म्हणजे सगळ्याला एकच गुणक लावणं नव्हे. प्रत्येक खर्च कशाच्या मागे चालतो ते आधी ओळखावं लागतं: रसायनं उसामागे, पगार दिवसामागे, पोती साखरेमागे. गुणक चुकीचा निवडला तर लवचिक म्हणवणारं अंदाजपत्रकही बेमालूम खोटं बोलतं. इथे तर उतारा घटल्याचं दुःखद वर्तमान पोत्यांची बचत होऊन पुढे आलं असतं.

सगळं एकत्र मांडलं की असं दिसतं (आकडे कोटी रुपयांत):

| खर्च | ६ लाख टनांचा अंदाज | साडेचार लाख टनांना हवा होता | प्रत्यक्ष |
|---|---|---|---|
| रसायने | २.४० | १.८० | २.१० |
| पोती | ३.९६ | २.७० | २.७९ |
| हंगामी पगार | ६.०० | ४.५० | ४.९५ |
| बांधील खर्च | २४.०० | २४.०० | २४.१८ |
| एकूण | ३६.३६ | ३३.०० | ३४.०२ |

पहिल्या आणि शेवटच्या रकान्यातला फरक म्हणजे अहवालातली २ कोटी ३४ लाखांची बचत. मधला रकाना घातला की ती दोन तुकड्यांत फुटते. ३६.३६वरून ३३.०० हे ३ कोटी ३६ लाख ऊस आणि साखर कमी झाली म्हणून आपोआप लागले नाहीत. त्यात कोणाचीही काटकसर नाही. ३३.००वरून ३४.०२ हे १ कोटी २ लाख मात्र जितकं काम झालं त्या कामाला जास्त लागले. एकेक ओळ पाहिली तर चारही ओळी तांबड्या. पहिल्या तक्त्यात एकट्या सापडलेल्या चीफ इंजिनिअरचा वाटा त्यात १८ लाखांचा.

बांधील खर्चाची ओळ तिन्ही रकान्यांत जवळपास तीच आहे, हे मुद्दाम पाहावं. कायम नोकरांचे पगार, कर्जाचं व्याज, घसारा, विमा, ओव्हरहॉलिंग हे ऊस किती येणार ते विचारत नाहीत. इथे उलट दिशेची चूक होते, आणि सभेत ती जास्त जोरात होते. कोणीतरी कॅल्क्युलेटर काढून सांगतो की अंदाजाप्रमाणे टनामागे खर्च ६०६ रुपये होता, तो ७५६ झाला. टनाला दीडशे रुपये कुठे मुरले? टाळ्या पडतात. पण २४ कोटी ६ लाख टनांवर वाटले तर टनाला ४०० रुपये येतात, साडेचार लाखांवर वाटले तर ५३३. एक पैसाही जादा न खर्चता टनामागचा खर्च १३३ रुपयांनी चढला, वाटेकरी कमी झाले म्हणून. लवचिक अंदाजाप्रमाणे साडेचार लाख टनांना खर्च टनामागे ७३३ रुपये यायलाच हवा होता. प्रशासनाने खुलासा द्यायचा तो उरलेल्या साधारण २३ रुपयांचा. बाकी सव्वाशे रुपयांचा जाब विचारायचा असेल तर ऊस का आला नाही, असा विचारावा.

तो विचारलाच पाहिजे, कारण लवचिक अंदाजपत्रकाचा गैरफायदाही घेता येतो. ‘गाळप कमी झालं, त्याप्रमाणे खर्च बरोबर आहे’ असं म्हणून विषय मिटवला जातो. वरच्या ३ कोटी ३६ लाखांना कोणी चांगली बातमी समजू नये. न आलेल्या दीड लाख टनांनी टनाला ४०० रुपयांप्रमाणे ६ कोटींचा बांधील खर्च उचलायचा होता, तो आता उरलेल्या उसाच्या अंगावर पडला आहे. त्यातलं पावसाचं किती आणि नोंदीचा ऊस शेजारच्या कारखान्याला गेल्याचं किती, ही वेगळी चौकशी आहे. माझ्या मते मधल्या रकान्याचा मोठा उपयोग हाच की ऊस न आल्याचा प्रश्न आणि खर्च सैल सुटल्याचा प्रश्न एकमेकांच्या आड लपू शकत नाहीत.

उसाचं वर्ष भरभरून आलं की पहिला तक्ता उलटा फसवतो. समजा याच कारखान्याने साडेसात लाख टन गाळले. रसायनांवर २ कोटी ८५ लाख गेले, अंदाजापेक्षा ४५ लाख जादा. ते जादा खर्चाच्या मंजुरीच्या यादीत येणार आणि केमिस्टला खुलासा द्यावा लागणार. पण साडेसात लाख टनांना ३ कोटी लागायला हवे होते. त्यांनी १५ लाख वाचवलेत. म्हणजे टंचाईच्या वर्षी हात सैल सोडणारा सुटतो आणि सुकाळात काटेकोर राहणारा उभा केला जातो. असं दोन-तीन वर्षं घडलं की विभागप्रमुख एक धडा आपोआप शिकतात: अंदाज मागतानाच फुगवून मागायचा. मग पुढच्या वर्षीचा आकडाही विश्वासाचा उरत नाही.

हे सगळं करायला अवघड काही नाही, अडचण आहे ती कोणता खर्च किती हलतो हे आधी ठरवण्याची. रसायनं आणि बांधील पगार ही दोन टोकं सोपी. मधले खर्च अर्धे बांधील, अर्धे हलते असतात. हंगामातली किरकोळ दुरुस्ती आणि वंगण (वर सोपेपणासाठी आपण ते गाळले) हा तसा प्रकार. जुन्या हंगामांतला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त गाळपाचा हंगाम घ्यायचा. ३ लाख ८० हजार टनांना ३ कोटी १४ लाख लागले होते आणि ६ लाख २० हजार टनांना ३ कोटी ८६ लाख, असं समजू. २ लाख ४० हजार टन वाढले तेव्हा ७२ लाख वाढले, म्हणजे टनाला ३० रुपये हलता भाग. ३ लाख ८० हजार टनांचे त्या दराने १ कोटी १४ लाख होतात. ते वजा केले की २ कोटी बांधील उरतात. पुढे कुठलंही गाळप येवो, २ कोटी अधिक टनाला ३० रुपये, एवढं लिहून ठेवलं की झालं.

ही पद्धत दोनच हंगामांवर उभी असते, म्हणून त्यातला एखादा विक्षिप्त असला तर उत्तर बिघडतं. रोलर तुटून मोठी दुरुस्ती झालेलं वर्ष घेतलं तर बांधील भाग उगाच फुगतो किंवा हलता भाग उगाच वाढतो. मधे वंगणाचे दर वाढले असतील तर महागाई गाळपाच्या नावावर जमा होते, त्यामुळे जुने खर्च आधी आजच्या दरांवर आणून मग वजाबाकी करावी लागते. सगळे हंगाम आलेख-कागदावर ठिपके म्हणून मांडून नजरेने रेघ ओढणारे जुने अकाउंटंट याच कारणासाठी दोन ठिपक्यांवर विसंबत नसत.

दुसरी मर्यादा रेघेच्या टोकांची. २४ कोटी बांधील आहेत ते साधारण साडेतीन ते साडेसात लाख टनांच्या पट्ट्यात. गाळप दोन लाखांवर आलं तर संचालक मंडळ हंगामी भरती अर्धी करेल, ओव्हरहॉलिंग पुढे ढकलेल, कदाचित हंगामच घेणार नाही आणि ऊस दुसऱ्या कारखान्याला देईल. तिकडे नऊ लाख टन गाळायचे तर मिलचं विस्तारीकरण आणि नवं कर्ज लागेल, आणि २४ कोटींच्या जागी वेगळाच आकडा येईल. त्या पट्ट्याबाहेर जुनं सूत्र ताणण्यापेक्षा अंदाजपत्रक पुन्हा मुळापासून बांधावं लागतं.